साठीतल्या माणसाची आई जिवंत असते : मराठी चित्रपट लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

मराठी चित्रपटांच्या लेखक, दिग्दर्शक आणि निर्मात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कल्याणला राहते. जन्म १९६१चा. दूरसंचार खात्यात लागले तेव्हा ट्रंक कॉल जोडून द्यायचे, निवृत्त झाले तेव्हा ट्रंक कॉल म्हणजे काय हे नव्या मुलांना समजावून सांगावं लागत होतं. ऐंशीच्या दशकात मी प्रभात चित्र मंडळ या मुंबईतल्या फिल्म सोसायटीची सभासद होते. ड्यूटी संपवून मुंबईत खेळ बघायचा आणि शेवटच्या लोकलच्या धास्तीनं धावत स्टेशन गाठायचं, ही सवय बरीच वर्षं टिकली. आता धावणं संपलंय, पण चित्रपट बघणं चालू आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मी एक चित्रपट लावते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टीव्हीला जोडलेला लॅपटॉप, मध्ये चहा.

काही महिन्यांपूर्वी 'अस्तु' लावला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. तुम्ही पाहिलेला असणारच, तरी थोडक्यात सांगते. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे डॉ. मोहन आगाशे. त्यांना अल्झायमर झालाय. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून काही खरेदीला उतरते, तेवढ्यात त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. मग एकीकडे इराची शोधाशोध, दुसरीकडे हत्तीवाल्याच्या पालात त्याची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखं सांभाळते आणि तेही तिला आई मानून बसतात. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संवादांसाठी सुमित्राताईंना.

चित्रपट संपल्यावर मला वाटलं होतं, आता बोलणं विसरण्यावर जाणार. "मला हल्ली चष्मा कुठे ठेवला आठवत नाही" वगैरे. तसं झालं नाही. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, वय ६६. त्या म्हणाल्या, "मी काही शास्त्री नाही. मी इरा आहे. माझे वडील ९३चे आहेत. फरक एवढाच, की इराचे गुडघे चांगले आहेत."

सगळे हसले. मग मी सहज विचारलं, की आणखी कुणाकुणाच्या घरात आई, वडील, सासू, सासरे आहेत? एकोणीस जणांत सात हात वर झाले. त्यात माझाही होता. माझी आई ८८ वर्षांची आहे आणि माझ्याकडेच असते.

हे पत्र त्या सात हातांबद्दल आहे.

तुमच्या चित्रपटांत साठीच्या माणसाला आईवडील नसतात. ते भिंतीवर चंदनाचा हार घालून लावलेले असतात. साठ ओलांडलेला नायक म्हणजे घरातलं सर्वांत वरचं पान, आणि त्याची गोष्ट ठरलेली : मुलांना सगळं देऊन टाकलं, मुलं बदलली, सुना वाईट निघाल्या, आता त्या मुलांना धडा शिकवायचा. 'बागबान' २००३ साली आला तेव्हा अमिताभ बच्चन साठीचेच होते. नवरा एका मुलाकडे, बायको दुसऱ्याकडे, सहा-सहा महिन्यांची वाटणी. आमच्या पिढीनं तो रडत पाहिला, मीसुद्धा. पण आईबापांची मुलांमध्ये वाटणी ही मांडणी 'मेक वे फॉर टुमारो' या अमेरिकन चित्रपटात १९३७ सालीच येऊन गेलेली आहे. तिथे बँकेनं म्हाताऱ्यांचं घर काढून घेतलंय आणि सरकारी पेन्शनचे मासिक हप्ते अमेरिकेत अजून सुरूच झालेले नाहीत, ते १९४०मध्ये सुरू झाले. म्हणजे त्या गोष्टीला पोटाचं कारण होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये उलट आहे. इथे मुलाच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट आईच्या पीएफमधून झालंय आणि ती अजून स्वतःच्या नावाच्या घरात राहते. तिचं भांडण मुलाशी नाहीच मुळी. तिचं भांडण ६९ वर्षांच्या भावाशी आहे, कारण त्या दोघांच्या आईला ठेवून घेण्याची पाळी त्याची आहे आणि त्याची नुकतीच बायपास झाली आहे.

असं प्रकरण पडद्यावर का येत नाही याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, तुम्ही साठ आणि नव्वद एकाच डब्यात टाकता. 'सारांश' आठवा. शिवाजी पार्कचे निवृत्त शिक्षक प्रधान. अनुपम खेर तेव्हा २८-२९ वर्षांचे होते आणि रोहिणी हट्टंगडी तेहतिशीच्या. काम दोघांनीही असं केलंय, की आजही त्याला हात लावायची माझी टाप नाही. पण त्या यशानं एक खोड लावली. म्हातारपण म्हणजे मेकअप आणि देहबोली, ते वरून चढवता येतं. वाकलेली पाठ, थरथरता हात, सुती धोतर. त्यात साठीचा कोण, पंच्याहत्तरीचा कोण, नव्वदीचा कोण हे वेगळं उरत नाही. प्रत्यक्षात या दोन टोकांत तीस वर्षं आहेत. तीस वर्षांचा मुलगा आणि नवजात बाळ यांना तुम्ही एकाच भूमिकेत बसवाल का?

पात्र साठीचं आहे की नुसतं 'म्हातारं' आहे, हे ओळखायची एक खूण सांगते. त्याचं जन्मसाल कागदावर लिहा आणि त्याला काय आठवतं ते तपासा. अलीकडे एका मालिकेत ६५ वर्षांच्या आजोबांना स्वातंत्र्याची पहाट आठवत होती! ६५ वर्षांचा माणूस १९६०च्या आसपास जन्मलेला. स्वातंत्र्याची पहाट त्याच्या वडिलांची. त्याला आठवणार १९८२चे एशियाड आणि त्या निमित्तानं आलेला रंगीत टीव्ही, ज्याच्यासमोर अर्धी चाळ बसायची. १९८३चा वर्ल्ड कप. एसटीडी बूथवरचे लाल आकडे पळताना बघून घाईनं आटोपलेलं प्रेम. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, ते. आम्हाला तुम्ही ग्रामोफोन आणि कंदील देता. अहो, तो आमच्या आजोबांचा कंदील आहे. आम्ही बेलबॉटम घातलेली माणसं आहोत.

हाच घोळ शरीराच्या बाबतीतही होतो. पडद्यावर म्हातारपण एक तर खोकतं किंवा छातीवर हात ठेवून कोसळतं. जपानी दिग्दर्शक ओझूची 'टोकियो स्टोरी' (१९५३) आम्ही लावली होती. गावाकडचे वयस्क आईवडील टोकियोत मुलांना भेटायला येतात. मुलांना वेळ नाही, म्हणून ती त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. तिथे रात्रभर गोंगाट. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसलेले असतात, "चला, घरी जाऊ या" म्हणतात. म्हातारी उठते आणि किंचित झोक जातो. ती खाली बसते, म्हणते काही नाही, जरा भोवळ आली, आणि पुन्हा उठून चालू लागते. एवढंच. नवऱ्याची किंकाळीही नाही. पण आमच्या खोलीत त्या क्षणी चहाचे कप थांबले. प्रत्येकाला कळलं होतं. गंमत म्हणजे वडिलांचं काम करणारे चिशू र्यू तेव्हा ४९ वर्षांचे होते आणि ओझूसुद्धा साधारण तेवढेच. तेव्हा म्हातारपणावर फक्त म्हाताऱ्यांनी लिहावं, असं माझं म्हणणं नाही. त्या भोवळीकडे कुणीतरी नीट बघितलेलं असावं, एवढंच मागणं आहे.

आता मूळ मुद्दा : साठीतलं मूल. पडद्यावर ते अजिबात आलेलं नाही असं नाही, पण येतं ते पाहुणं म्हणून. हानेकेचा 'आमूर' (२०१२) घ्या. ऐंशी ओलांडलेलं जोडपं, दोघंही संगीत शिकवणारे. बायकोला अर्धांगवायू होतो आणि नवरा तिची सेवा करतो. नट-नटीही त्याच वयाचे, ती ८५, तो ८१. त्यांच्या मुलीचं काम इझाबेल ह्युपरनं केलंय, तेव्हा ती साठीला टेकलेली होती. म्हणजे आमच्याच वयाची. ती परगावाहून येते, रडते, "पुढे काय करायचं ठरवलंय?" असं बापाला विचारते आणि परत जाते. परदेशातून येणारं भावंड असं असतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण घरात राहून करणारी मुलगी त्या गोष्टीत नाही, कारण तिथे करणारा नवरा आहे.

हिंदीत एक दृश्य मला सापडलं, तेही विनोदी चित्रपटात. 'बधाई हो' (२०१८). नीना गुप्ता, जी तेव्हा खरोखर ५९ची होती, उतारवयात गरोदर राहते आणि त्याची नातेवाइकांत थट्टा होते. लग्नघरात जावा-नणंदा तिला बोलतात, तेव्हा इतका वेळ तिलाच टोचून बोलणारी सासू, सुरेखा सिक्री, उसळते आणि सगळ्यांना सुनावते, की मी आजारी असताना माझं केलं ते हिनं, तुमच्यातलं कोण आलं होतं? आमच्या खोलीत त्या वाक्याला टाळ्या पडल्या. सुरेखाबाईंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण बघा, ते 'करणं' चित्रपटात फक्त संवादातून कळतं. ते आम्ही पाहिलेलं नाही. आम्हाला तेच बघायचंय.

म्हणून एक प्रसंग लिहून देते. माझ्याच घरचा आहे, हवा तसा वापरा.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. आईला सांभाळायला ब्युरोकडून येणाऱ्या मावशी आठला येतात आणि रात्री आठला जातात, त्यामुळे पहाट माझी. आई बाथरूममध्ये घसरली. आवाज मोठा झाला नाही, बादली सरकल्यासारखा झाला. मी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, पाय पसरलेले, आणि म्हणते, "नळ बंद कर आधी."

तुमचा चित्रपट इथून थेट अँब्युलन्सच्या दिव्यावर जातो. खरी गोष्ट इथे सुरू होते. आधी विचारायचं, कुठे दुखतंय? डोकं आपटलं का? मग पाय बघायचे. एक पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, किंवा हलवताना जांघेत कळ येत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. मग उचलायचं नाही, उबदार पांघरूण घालून १०८ला फोन करायचा. आईचे पाय सरळ होते. दोन्ही हलवून दाखवले. वर "बघ, नाचू का?" असंही म्हणाली.

आता तिला उठवायचं कुणी? माझा नवरा ६८चा, त्याला हर्नियाच्या ऑपरेशननंतर वजन उचलायची बंदी. माझ्या कमरेच्या मणक्यात गॅप. आई ५४ किलो. काखेत हात घालून ओढायला गेलं, तर तिचा खांदा जाणार आणि माझी कंबर. आम्ही दोघं दारात उभे, तिघांच्या वयाची बेरीज दोनशेवीस, आणि एकमेकांकडे बघतोय. मग फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं आठवलं. दोन भक्कम खुर्च्या आणायच्या. गुडघ्याखाली टॉवेलची घडी. तिला आधी कुशीवर वळवायचं, मग कोपरावर, मग रांगत्या बाळासारखं हाता-गुडघ्यांवर. समोर एक खुर्ची, तिच्या बैठकीवर तिनं दोन्ही हात टेकायचे. चांगला पाय पुढे घेऊन तळवा टेकायचा, आणि तिनं स्वतः जोर लावून उठायचं. मागून दुसरी खुर्ची सरकवायची. आपण उचलायचं नाही, फक्त धरायचं आणि सांगत राहायचं.

या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. कारण कुशीवर वळल्यावर ती दमली आणि म्हणाली, "थांब गं जरा." मग मीही तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. नवरा दारात स्टुलावर. पंधरा मिनिटं आम्ही तिघं बाथरूममध्ये बसलो होतो. तिनं मला विचारलं, "तुझं वय काय आता?" मी म्हटलं चौसष्ट. ती म्हणाली, "मग तू कशाला बसलीस खाली? तुला कोण उठवणार?"

आणि खरंच, ती खुर्चीत बसल्यावर मला उठता येईना. दुसऱ्या खुर्चीचा उपयोग माझ्यासाठी झाला.

यात खलनायक कुणीच नाही, मुलगा नाही, सून नाही. तरी मला एका क्षणासाठी तिचा राग आला होता, आणि नळ बंद करायला सांगितलं तेव्हा तर फारच. तो राग लिहा. 'अस्तु'मध्ये इराचा तो आहे, वडिलांना कुठे ठेवायचं या प्रश्नानं ती चिडते, थकते, म्हणूनच आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना ती आपली वाटली. सुमित्राताईंनी तो चित्रपट सत्तरीच्या सुमारास केला, हे मला उगाच आठवत राहतं. सेवा करणाऱ्या बाईला देवी करून टाकलं, की तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही.

विनोदाला तर इथे तोटाच नाही. माझे वडील रेल्वेत होते, त्यामुळे आईला फॅमिली पेन्शन आहे. मलाही पेन्शन आहे. म्हणजे दरवर्षी घरात दोन हयातीचे दाखले. ऐंशीच्या पुढच्यांना केंद्राच्या पेन्शनसाठी तो ऑक्टोबरपासून देता येतो, माझा नोव्हेंबरात. आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र घेत नाही, म्हणून आम्ही मोबाइलवर चेहरा दाखवून करतो. ॲपमध्ये आधी ऑपरेटरचा चेहरा लागतो, म्हणजे माझा, मग तिचा. ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. आईला ऐकू येत नाही. मी समोर उभी राहून डोळे मिचकावून दाखवते, ती माझ्याकडे बघून हसते आणि डोळे मोठे करते. चार वेळा नापास. पाचव्यांदा तिनं कंटाळून डोळे मिटले, उघडले, आणि सरकारनं मान्य केलं, की ती जिवंत आहे. चौसष्ट वर्षांच्या मुलीनं ८८ वर्षांच्या आईला जिवंत सिद्ध करायचं, आणि पुढच्या महिन्यात स्वतःला. हे दृश्य लिहायला कुणाला पैसे द्यावे लागणार नाहीत, फक्त नोव्हेंबरात कुठल्याही घरी जाऊन बसा.

निर्माते म्हणतील, की ही मंडळी थिएटरला येतात कुठे. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा भिशीचे, सोसायट्यांचे, हळदीकुंकवाचे गट नऊवारी नेसून आणि काळे चष्मे लावून आले, ते तुम्ही पाहिलंत. 'सारांश'मध्ये तेहतिशीत म्हातारी झालेल्या रोहिणीताई त्यात बहात्तराव्या वर्षी मंगळागौर खेळत होत्या. त्या चित्रपटावर माझी तक्रार आहे, शेवटी सगळं फार चटकन गोड होतं. पण आम्ही येतो हे त्यानं दाखवलं. फक्त आमची वेळ वेगळी आहे. रात्री साडेनऊच्या खेळाला मी येऊ शकत नाही, मावशी आठला जातात. मला दुपारी बाराचा किंवा एकचा खेळ लागतो, आणि तो नेमका दुसऱ्या आठवड्यात उडालेला असतो. पहिल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच्या गल्ल्यावर चित्रपटाचं भवितव्य ठरवाल, तर आमची तिकिटं त्यात कधीच दिसणार नाहीत. आम्ही दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी येतो, एकमेकींना विचारून, कुणाकडे कोण बसणार हे ठरवून. आणि हो, पडद्यावर मराठी संवाद खाली मराठीतच लिहून आले तर आमच्यातल्या निम्म्यांचं कानाचं यंत्र खिशात राहील.

तुमच्यापैकी कुणाला हा विषय करायचा असेल, तर दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्या खोलीत या. सात घरं आहेत, सातही गोष्टी वेगळ्या. बाथरूमचा प्रसंग मी फुकट दिलाय, मानधन नको. अट एकच घालते. पटकथा पुढे सरकेनाशी झाली, की तुम्ही लोक म्हातारीला मारता. माझ्या गोष्टीतल्या आईला मध्यंतराआधी मारायचं नाही. शक्यतो नंतरही नाही. तिला पुढच्या ऑक्टोबरात दाखला द्यायचाय.

आपली,
कल्याणची एक प्रेक्षक